ड्रॉवरमध्ये नऊ वर्षे पडून असलेला पेन ड्राइव्ह : जुन्या फाइल शाबूत, नव्या खराब, असे उलटे कसे?

उद्यमनगरचा_पुतण्या

नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे पॅटर्न शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीत साचा घेण्यासाठी लागणारे नमुने आम्ही बनवतो. काकांनी २०१६ साली काम माझ्याकडे सोपवताना कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये दोन पेन ड्राइव्ह ठेवले होते. 'यात सगळी ड्रॉइंग आहेत, हलवू नकोस,' असे त्यांनी बजावले होते आणि मी ते अक्षरशः पाळले. या मे महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, एका जुन्या ग्राहकाला पंपाच्या बॉडीचे पॅटर्न पुन्हा हवे झाले, तेव्हा दोन्ही ड्राइव्ह बाहेर काढले.

पहिला ड्राइव्ह, ज्याला मी 'अ' म्हणतो, ८ जीबीचा असून २०११ साली घेतलेला आहे. घेतला त्याच दिवशी काकांनी त्यात २००९ ते २०११ या काळातील ड्रॉइंग भरली. त्यानंतर पाच वर्षे हाच ड्राइव्ह संगणकावरून पॅटर्न कोरणाऱ्या सीएनसी राउटर यंत्राकडे प्रोग्रॅम नेण्यासाठी रोज वापरात होता. शेवटी २०१६ मध्ये राउटरचे प्रोग्रॅम पुसून त्यात २०१२ ते २०१६ची ड्रॉइंग भरली गेली आणि तो ड्रॉवरमध्ये गेला. दुसरा, म्हणजे 'ब', ३२ जीबीचा आहे. तो त्याच आठवड्यात नवा घेऊन एकदाच भरलेला असून त्यात निवडक ग्राहकांची ड्रॉइंग आहेत. त्यांपैकी बरीच 'अ'मध्येही आहेत.

'ब' सुरळीत कॉपी झाला. 'अ' कॉपी करताना मात्र वेग मधूनच अगदी मंदावतो, कधी मिनिटभर काहीच हलत नाही आणि मग त्रुटीचा संदेश येऊन कॉपी थांबते. एकेक फोल्डर करून पाहिल्यावर असे दिसले की २००९-११ची फोल्डरे पूर्णपणे निघतात आणि अडकतात त्या सगळ्या २०१२ ते १६च्या फाइल आहेत. चार्ज गळत असेल तर आधी भरलेल्या फाइल आधी जायला हव्यात ना? विंडोज मला ड्राइव्ह 'दुरुस्त' करण्याविषयी विचारत आहे. होकार द्यावा का?

मंगळवारपेठकर

होकार देण्याआधी थोडे थांबा. पेन ड्राइव्हमधील माहिती म्हणजे सूक्ष्म खोल्यांत साठवलेला विद्युतभार असतो आणि तो बॅटरीप्रमाणे हळूहळू उतरतो, हे मी वाचलेले आहे. त्यामुळे आधी ड्राइव्ह रात्रभर संगणकाला लावून ठेवा, म्हणजे तो पुन्हा भरला जाईल, आणि सकाळी कॉपी करा. मी स्वतः माझे सगळे पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा तासभर लावून ठेवतो आणि आजवर एकही फाइल गेलेली नाही. जुन्या फाइल का टिकल्या याचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. कदाचित त्या लहान असतील.

जुना_सर्किटवाला

उद्यमनगरकर, विंडोजला कृपया नकार द्या. ती दुरुस्ती फाइल-यादीतील विसंगती मिटवण्यासाठी ड्राइव्हवर लिहिते, आणि जो ड्राइव्ह वाचतानाच अडखळतो त्यावर काहीही लिहू नये. आधी संपूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सगळे उद्योग त्या प्रतिमेवर करावेत. लिनक्स असलेला संगणक मिळाला तर `ddrescue` वापरा. पहिल्या फेरीत सहज निघते ते घ्या आणि दुसऱ्या फेरीत हट्टी जागांवर तीन वेळा प्रयत्न करा. ड्राइव्हचे नाव तुमच्या संगणकावर वेगळे असू शकते, ते आधी नीट तपासा.

```
ddrescue -d -n /dev/sdb a.img a.map
ddrescue -d -r3 /dev/sdb a.img a.map
```

मंगळवारपेठकर, विद्युतभार गळतो हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण बॅटरीची उपमा तिथेच संपते. ड्राइव्हला वीज मिळाल्याने त्या खोल्यांतील, म्हणजे पेशींतील, भार वाढत नाही. पेशीत इलेक्ट्रॉन ढकलले जातात ते फक्त लिहिताना. नुसते लावून ठेवणे म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ बसून राहण्यासारखे आहे, त्याने पातळी वाढत नाही. काही एसएसडींचे फर्मवेअर वीज असताना जुना मजकूर स्वतःहून पुन्हा लिहिते, हे खरे. सॅमसंगच्या ८४० इव्हो या एसएसडीवर जुन्या फाइल फार मंद वाचल्या जाऊ लागल्याचे २०१४ साली उघड झाले आणि २०१५च्या फर्मवेअरमध्ये जुना मजकूर अधूनमधून पुन्हा लिहिण्याची सोय कंपनीला करावी लागली. साध्या पेन ड्राइव्हकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. तुमचे ड्राइव्ह टिकले ते टिकण्यासारखे होते म्हणून.

आता मूळ प्रश्न. पेशीतील इलेक्ट्रॉन ज्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे कोंडलेले असतात, त्या थरातूनच प्रत्येक वेळी लिहिताना आणि पुसताना त्यांना जोराने आरपार नेले जाते, त्यामुळे तो थर झिजतो आणि त्यात गळतीच्या वाटा तयार होतात. म्हणून 'किती वर्षांपूर्वी लिहिले' याच्या बरोबरीने 'लिहिण्याआधी ती पेशी किती वापरली गेली होती' हा प्रश्न असतो. २०११ची ड्रॉइंग कोऱ्या पेशींत गेली आणि तिथेच बसून राहिली. २०१६ची ड्रॉइंग, निदान त्यांतील काही, पाच वर्षे घासून निघालेल्या पेशींत गेली. चौदा वर्षांचा मजकूर शाबूत आणि नऊ वर्षांचा खराब, यात माझ्या मते उलटे काहीच नाही.

पन्हाळ्याचा_वारा

थोडे अतिरंजित वाटते. माझ्याकडे २००७ सालचा १ जीबीचा ड्राइव्ह आहे, तो कित्येक वर्षे गॅरेजमध्ये पडून होता आणि आजही प्रत्येक फाइल उघडते. शिवाय राउटरचे प्रोग्रॅम काही केबींचे असतात. तेवढ्याने ८ जीबीचा ड्राइव्ह झिजतो हे पटत नाही.

जुना_सर्किटवाला

वारेसाहेब, तुमच्या ड्राइव्हचे मला आश्चर्य वाटत नाही. त्या काळातील पेशी आकाराने मोठ्या होत्या, त्यामुळे एका पेशीत अधिक इलेक्ट्रॉन मावत. एका पेशीत एकच बिट असेल तर भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात, दोन बिट असतील तर चार आणि तीन बिट असतील तर आठ. पातळ्यांमधील अंतर जसे कमी होते तशी थोडी गळतीही शेजारच्या पातळीत नेऊन सोडते. आजचा स्वस्त ड्राइव्ह तुमच्या २००७च्या ड्राइव्हइतका टिकेल असे गृहीत धरू नका.

झिजेचा तुमचा आक्षेप मात्र योग्य आहे, त्यामुळे हिशेब मांडतो. फ्लॅश पानापानाने लिहिता येते, पण पुसताना संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो आणि तो ब्लॉक काही शे केबींपासून काही एमबींपर्यंत असतो. ड्राइव्हमधील वाचन-लेखन सांभाळणारा कंट्रोलर साधा असेल तर चार केबींचा प्रोग्रॅम लिहिला तरी बहुधा आख्खा ब्लॉक नव्या जागी उतरवला जातो, आणि फाइलबरोबर फाइल-यादी व फोल्डरची नोंदही बदलते. दिवसाला ३५ प्रोग्रॅम, वर्षाचे ३०० दिवस आणि पाच वर्षे धरली तर ५२,५०० लेखने होतात. प्रत्येकी तीन बदल धरले तर सुमारे १,५७,५०० वेळा ब्लॉक पुसला गेला. हा भार सगळ्या ड्राइव्हवर सारखा वाटला गेला असता तर काहीच बिघडले नसते. पण स्वस्त कंट्रोलर न हलणाऱ्या मजकुराला हात लावत नाही. तो मोजके सुटे ब्लॉक आळीपाळीने वापरतो. ते शंभर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड हजारांहून अधिक फेऱ्या येतात, आणि दोन बिटांच्या त्या काळातील पेशी साधारणपणे तीन हजार फेऱ्यांसाठी बनवलेल्या असत. २०१६ मध्ये ड्रॉइंग भरली गेली तेव्हा या झिजलेल्या ब्लॉकांवरही काही फाइलींचे तुकडे जाऊन बसले. म्हणूनच २०१२-१६मधील सगळ्या फाइल न जाता काहीच अडकतात. शंभर हा आकडा माझा आहे. त्या कंट्रोलरचा खरा आकडा बाहेरून कळत नाही.

रंकाळ्याकाठी

अगदी असेच माझ्या बाबतीत झाले आहे, म्हणून लिहिते. आईने दळताना म्हटलेल्या ओव्या मी एका ड्राइव्हवर जपून ठेवल्या होत्या. परवा लावला तर संगणक त्याची दखलच घेत नाही, दिवासुद्धा लागत नाही. चार्ज इतका उतरला असेल का की तो सुरूच होऊ नये? मीही `ddrescue` वापरू का?

जुना_सर्किटवाला

ताई, तुमचा प्रकार निराळा आहे. गळतीने फाइल अडखळतात, काही जागा वाचता येत नाहीत, पण ड्राइव्ह सहसा ओळखला जातो. दिवाच लागत नसेल तर संशय जोडणीच्या सोल्डरच्या टाक्यावर, क्रिस्टलवर किंवा कंट्रोलरवर घ्यावा, आणि तसे असेल तर ओव्या आत सुखरूप असण्याची शक्यता चांगली आहे. संगणकाला ड्राइव्ह दिसतच नसेल तर `ddrescue`चा उपयोग नाही. सूक्ष्म टाके घालणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या आणि चिपला हात लावण्याआधी तो फक्त टाका तपासेल, असे आधी ठरवून घ्या. ड्राइव्ह उघडल्यावर सगळे एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले दिसले, तर काम कठीण आणि खर्चिक होते, एवढे लक्षात असू द्या.

उद्यमनगरचा_पुतण्या

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स होते, त्यावर प्रतिमा घेतली. पहिल्या फेरीनंतर ३.१ एमबी वाचायचे राहिले होते. तीन फेऱ्या पूर्ण व्हायला रात्र गेली, पण शेवटी फक्त ४१२ केबी उरले. आता ते ४१२ केबी कोणत्या फाइलींत आहेत हे कसे शोधावे? प्रत्येक ड्रॉइंग उघडून पाहायचे म्हटले तर दिवाळी येईल.

जुना_सर्किटवाला

पुन्हा वाचल्यावर बराच भाग निघाला, हे गळतीशी जुळते. कंट्रोलर दर प्रयत्नाला तुलनेची पातळी थोडी सरकवून पाहतो आणि कधी तरी तो अंदाज बरोबर बसतो. तुम्हाला जाणवलेला मंदपणा हाच होता.

उरलेल्या जागा शोधण्यासाठी प्रतिमेची आणखी एक प्रत करा आणि त्या प्रतीतील न वाचलेल्या जागांत ओळखू येईल असा मजकूर भरा. मग ती प्रत फक्त-वाचन पद्धतीने जोडून तो मजकूर असलेल्या फाइल शोधा.

```
printf 'KHARAB-BHAG ' > khun.txt
ddrescue --fill-mode=- khun.txt a-prat.img a.map
grep -rl 'KHARAB-BHAG' /mnt/a
```

उद्यमनगरचा_पुतण्या

यादी दोन मिनिटांत मिळाली. एकूण नऊ फाइल आहेत आणि नऊही २०१२-१६च्या फोल्डरांतील आहेत. त्यांपैकी सहा 'ब'मध्ये शाबूत सापडल्या. उरलेल्या तिघांपैकी दोन भागांचे पॅटर्न माळ्यावर आहेत, त्यांवरून नवे ड्रॉइंग करता येईल. एक भाग मात्र गेला.

पण नवीनच गोष्ट पुढे आली. उत्साहाच्या भरात मी दोन्ही ड्राइव्हमधील समान फाइलींची तुलना केली. वरच्या सहा सोडल्या तर सगळ्या तंतोतंत जुळल्या, एक वगळून. तीच नेमकी पंपाच्या बॉडीची डीएक्सएफ फाइल आहे. 'अ'मधून ती कोणत्याही त्रुटीविना वाचली गेली, 'ब'मधूनही, आणि दोन्ही प्रती कॅडमध्ये व्यवस्थित उघडतात. `cmp -l`ने फक्त एक ओळ दिली.

```
20418  61  71
```

मंगळवारपेठकर

हीच ती गळती! ६१ आणि ७१ हे अष्टमानातील आकडे आहेत, त्यांत एकाच बिटाचा फरक आहे. 'अ'मध्ये शून्य आहे आणि 'ब'मध्ये एक आहे. फ्लॅशमध्ये भार असलेली पेशी म्हणजे शून्य आणि रिकामी म्हणजे एक, हे मला नक्की माहीत आहे. म्हणजे 'ब'मधील भार गळून शून्याचा एक झाला. 'ब' चुकीचा आहे आणि 'अ' बरोबर.

जुना_सर्किटवाला

मंगळवारपेठकर, तुम्ही अष्टमान ओळखलेत याचे कौतुक आहे, आणि एक बिट साठवणाऱ्या उघड्या चिपबद्दल तुमचा नियमही बरोबर आहे. तरी या निष्कर्षाला दोन अडचणी आहेत. अलीकडचे बहुतेक कंट्रोलर मजकूर लिहिण्याआधी ठरावीक क्रमाने विस्कटतात, जेणेकरून शेजारच्या पेशींत एकसारखा नमुना पडू नये. त्यामुळे फाइलमधील शून्य पेशीत शून्य म्हणूनच गेले होते की एक म्हणून, हे फाइल पाहून सांगता येत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. कंट्रोलर प्रत्येक तुकड्यासोबत, साधारणपणे दर १ केबीला, चुका सुधारणारा संकेत लिहितो. त्या पिढीतील दोन बिटांच्या चिपमध्ये एका केबीत २४ किंवा ४० चुकलेले बिट सुधारता येत. एक बिट गळला तर तो मुकाट्याने दुरुस्त होतो, तुम्हाला कळतही नाही. गळती त्या मर्यादेपलीकडे गेली की कंट्रोलर हात वर करतो आणि तुम्हाला वाचन-त्रुटी मिळते, जशी नऊ फाइलींवर मिळाली. एखादा निकृष्ट कंट्रोलर त्रुटी लपवून कच्चा मजकूर देतोही, पण मग एकाच केबीच्या आत डझनावारी फरक दिसतील. वीस हजार बाइटांनंतर एकच एकटा बिट, हे गळतीचे लक्षण नव्हे. अशी चूक बहुधा २०१६ मध्ये कॉपी करताना संगणकाच्या मेमरीत झाली असावी आणि चुकलेला मजकूर फ्लॅशने नऊ वर्षे इमानेइतबारे सांभाळला.

अष्टमान ६१ म्हणजे '१' हे अक्षर आणि ७१ म्हणजे '९'. डीएक्सएफ ही साधी मजकुराची फाइल असते. त्या जागी एखादे माप असेल तर आधी ते पाहा.

उद्यमनगरचा_पुतण्या

पाहिले आणि पोटात गोळा आला. 'अ'मध्ये ११८.५ आहे आणि 'ब'मध्ये १९८.५. मी 'ब' निर्दोष कॉपी झाला म्हणून त्यावरचेच ड्रॉइंग राउटरला देणार होतो. ऐंशी मिलिमीटरचा फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसला असता हे खरे, पण हाच बिट दशांशानंतरच्या आकड्यावर पडला असता तर पॅटर्न तयार होऊन फाउंड्रीत गेले असते. माळ्यावरून त्या भागाचे जुने सागवानी पॅटर्न खाली काढले आणि कास्ट आयर्नच्या एक टक्का आकुंचनाच्या पट्टीने मोजले. ११८.५ आहे. म्हणजे ज्या ड्राइव्हवर मी अविश्वास दाखवत होतो त्याचीच प्रत बरोबर निघाली.

मंगळवारपेठकर

म्हणजे माझे उत्तर बरोबर होते, कारण चुकले होते. चालेल.

शाहूपुरीची_वैदेही

मी एका ग्रंथालयात ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन सांभाळते, त्यामुळे या शेवटच्या भागाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पंपाच्या बॉडीचे पॅटर्न माळ्यावर नसते तर कोणती प्रत खरी हे कळण्याचा मार्गच उरला नसता. दोन प्रती मतभेद दाखवतात, निवाडा करत नाहीत. २०१६ मध्ये भरतानाच प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा आणि एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा, काढून वेगळा ठेवला असता, तर त्याच दिवशी ही चूक सापडली असती. हॅश मूळ संगणकावरील फाइलींचा काढावा आणि तपासणी ड्राइव्हवर करावी.

```
find . -type f -exec sha256sum {} + > ~/drawing.sha256
sha256sum -c --quiet ~/drawing.sha256
```

पहिली ओळ मूळ फोल्डरमध्ये, दुसरी ड्राइव्हवरील फोल्डरमध्ये. इथे एक चूक आमच्याकडे पूर्वी सर्रास होत असे. कॉपी संपताच तपासणी केली की संगणक फाइल स्वतःच्या मेमरीतूनच वाचतो आणि सगळे बरोबर असल्याचे सांगतो. ड्राइव्ह रीतसर काढून पुन्हा लावावा आणि मगच तपासावे.

नूतनीकरण आम्ही वर्षाला करतो. आधी हॅशने तपासायचे, मग सगळे डिस्कवर उतरवायचे, ड्राइव्हवर नव्याने लिहायचे आणि काढून-लावून पुन्हा तपासायचे. जुळले नाही तर लिहिण्याआधीच कळते. जुळवणी न करता दरवर्षी पुन्हा लिहीत राहिले, तर चुकीचे १९८.५ दरवर्षी ताजे होत राहते.

पन्हाळ्याचा_वारा

दरवर्षी लिहिल्याने झीज होणार नाही का? वर तर लिहिण्यानेच पेशी झिजतात असे म्हटले आहे.

जुना_सर्किटवाला

वर्षाला एक पूर्ण लेखन म्हणजे वर्षाला जेमतेम एक फेरी. हजारोंच्या तुलनेत ती मोजण्यातही येत नाही. राउटरच्या पाच वर्षांनी जे केले ते तुमचे नूतनीकरण आयुष्यभरात करणार नाही.

त्याहून उष्णतेकडे लक्ष द्या. उद्यमनगरकर, ते कार्यालय पत्र्याखाली आहे का?

उद्यमनगरचा_पुतण्या

पोटमाळ्यावर आहे, वर पत्राच आहे. तुम्ही विचारलेत म्हणून दुपारी ड्रॉवरमध्ये तापमापक ठेवला, तर ४३ अंश दाखवले.

जुना_सर्किटवाला

गळतीचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. या हिशेबात सामान्यतः जो स्थिरांक धरतात त्यानुसार ३० अंशांऐवजी ४० अंशांवर ती सुमारे पावणेचार पट होते. एसएसडीसाठी जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक आहे. ग्राहकोपयोगी एसएसडीने ठरलेले लेखन-आयुष्य पूर्ण झाल्यावरही ३० अंशांत, विजेविना, एक वर्ष मजकूर टिकवावा, असे ते म्हणते. पुष्कळ लोक ते वाचून 'एसएसडी वर्षभरात रिकामी होते' असे सांगत सुटतात. ती अट पूर्ण झिजलेल्या एसएसडीसाठी आहे, नव्यासाठी नव्हे. पेन ड्राइव्हला तर ते मानक लागूच नाही. तुमचा 'अ' मात्र अर्धाअधिक झिजलेला होता आणि नऊ उन्हाळे पत्र्याखाली होता. मुख्य प्रत हार्ड डिस्कवर न्या, पेन ड्राइव्ह दुसरी प्रत म्हणून ठेवा.

शाहूपुरीची_वैदेही

एक शंका माझीही आहे. झिजलेल्या ब्लॉकांचे स्पष्टीकरण पटते, पण ते सिद्ध कसे होणार? स्वस्त ड्राइव्हमध्ये मुळातच हिणकस चिप असते, त्यातील काही भाग पहिल्या दिवसापासून कमकुवत असणेही शक्य आहे.

जुना_सर्किटवाला

शक्य आहे, आणि या एका ड्राइव्हवरून मी ते खोडू शकत नाही. उद्यमनगरकरांची तयारी असेल तर निदान गळती चालू आहे की नाही हे पाहता येईल. 'अ'वर काहीही लिहू नका, आजची `a.map` फाइल जपून ठेवा आणि काही महिन्यांनी तोच ड्राइव्ह पुन्हा वाचा. खराब जागा त्याच पट्ट्यांच्या आसपास वाढल्या तर एक दिशा मिळेल.

उद्यमनगरचा_पुतण्या

तयारी आहे. 'ब'मधील ती एक फाइल दुरुस्त करून सगळे हार्ड डिस्कवर घेतले, हॅश काढले, 'ब' नव्याने लिहिला आणि काढून-लावून तपासला. वार्षिक तपासणीसाठी खंडेनवमी ठरवली आहे, त्या दिवशी तसेही यंत्रे बंद असतात आणि हत्यारे पूजेला मांडलेली असतात. 'अ' खालच्या मजल्यावर लाकडी कपाटात ठेवला आहे. त्या दिवशी तो वाचून नवी नकाशा-फाइल इथेच टाकतो.

रंकाळ्याकाठी

माझ्या ड्राइव्हचा टाकाच सुटला होता. ओव्या आहेत. आज रात्री हॅश काढायला बसते. वैदेहीताई, विंडोजवर ती ओळ कशी लिहायची ते सांगाल का?

शाहूपुरीची_वैदेही

पॉवरशेलमध्ये त्या फोल्डरात जाऊन हे चालवा.

```
Get-ChildItem -Recurse -File | Get-FileHash | Export-Csv C:\Temp\ovya.csv
```

आधी `C:\Temp` हे फोल्डर तयार असू द्या. त्याआधी ओव्यांची एक प्रत डिस्कवर उतरवा, नवा टाका किती दिवस धरेल ते सांगता येत नाही.